आयल्ट्स स्पीकिंग 6 वरून 7 : नोकरी सांभाळून आठ आठवड्यांत जमेल का?

भट्टीवाला
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे, नऊ वर्षं झाली. कॅनडाच्या पीआरसाठी फेब्रुवारीत पुण्याला जाऊन आयल्ट्स जनरल दिली. लिसनिंग 8, रीडिंग 7.5, रायटिंग 7 आणि स्पीकिंग 6. सीएलबी 9 या कॅनडाच्या भाषा-पातळीसाठी बाकीचं सगळं भरलंय, फक्त बोलण्यात 7 पाहिजे. तेवढ्यावर गाडी अडकली.

आठ आठवड्यांनी परत द्यायची आहे. पाळी दर आठवड्याला बदलते. रोज पाऊण तास मिळतो, सुट्टीच्या दिवशी दोन तास, बास. गावातल्या एका क्लासमध्ये डोकावलो, तिथं कागदावरची उत्तरं पाठ करून घेतात. तसलं मागच्या वेळी केलं होतं आणि त्याचंच हे फळ. कुणी करून दाखवलं असेल तर सांगा, आठवड्याचा हिशोब कसा मांडायचा?

शाहूपुरीचा_मास्तर
सोपं आहे भावा. दोनशे इडियम पाठ कर, रोज दहा वापर. दुसरं, ब्रिटिश ॲक्सेंट पकड, बातम्या ऐकून त्यांच्या मागोमाग बोल. तिसरं, वेग वाढव. थांबला की मार्क गेले. माझ्या मेव्हण्याने असंच करून 7.5 काढले.

पन्हाळकर_काका
सहा ते सात ही वेळ चांगली आहे, पण संध्याकाळची की सकाळची? आमच्या मुलीने संध्याकाळचा क्लास लावला होता, घरी यायला उशीर व्हायचा. तिचं रायटिंग 5.5 वर अडकलं होतं. निबंधावर भर द्या असं सुचवेन.

भट्टीवाला
काका, ते मार्क आहेत ओ, वेळ नव्हे :)

सरोज_ताराबाईपार्क
अकरा वर्षं हेच शिकवते आहे. परीक्षक नाही, कधी नव्हते, तेव्हा मी सांगते ते बाहेरून पाहिलेलं आहे.

भट्टीवाला, आधी हिशोब समजून घ्या. ओघ, शब्द, व्याकरण आणि उच्चार असे चार भाग, चौघांचं वजन सारखं, सरासरी काढून बँड. 7 साठी चौघांची बेरीज 28 हवी असं धरून चाला. तुम्ही 24 च्या आसपास आहात. तुमच्या निकालपत्रावर नुसता 6 छापलाय, कशात किती ते तिथे कळत नाही. त्यामुळे पहिल्या आठवड्यात अभ्यास करायचाच नाही. नेमकं काय गळतंय ते शोधायचं. कास्टिंग रिजेक्ट झालं की तुम्ही आधी तोडून बघता ना, तसं.

मास्तर, इडियमबद्दल अर्धं पटतं. 7 च्या वर्णनात कमी वापरातले आणि वाक्प्रचारासारखे शब्द थोडेसे यावेत असं आहे खरं, पण "थोडेसे". पाठ केलेला इडियम नेमका चुकीच्या जागी पडतो आणि लगेच ऐकू येतो. ॲक्सेंटचे तर मार्कच नाहीत. ऐकणाऱ्याला कष्ट पडतात का, एवढंच बघतात.

काम एकच द्या. "बिघडलेली एखादी गोष्ट तुम्ही कशी सावरली" हा विषय घ्या, एक मिनिट कागदावर टिपणं काढा आणि दोन मिनिटं मोबाइलवर बोला. मग जे बोललात ते अक्षरशः लिहून काढा. अडखळणं, थांबणं सगळं. देवनागरीत लिहिलंत तरी चालेल, उलट जसं ऐकू येतं तसं दिसेल.

भट्टीवाला
केलं. लाज वाटली, तरी टाकतो. दुसरी पाळी संपवून रात्री पार्किंगमध्ये गाडीत बसून बोललो.

"ॲक्च्युअली, लास्ट इयर, आय हॅड गॉन टु अवर कस्टमर इन पुणे. मीन्स, देअर वॉज अ प्रॉब्लेम इन अवर कास्टिंग. दे हॅड टोल्ड अस दॅट देअर इज ब्लो होल्स. आय वॉज हॅविंग लॉट ऑफ टेन्शन. देन वी हॅड चेक्ड द सँड. सँड वॉज हॅविंग मोर मॉइश्चर. सो, मीन्स, वी हॅड चेंज्ड द… द… (इथं चार सेकंद गप्प) प्रोसेस. अँड प्रॉब्लेम वॉज सॉल्व्हड. दॅट्स ऑल."

सगळं मिळून 48 सेकंद. मला वाटलं होतं दीड मिनिट तरी बोललो असेन.

सरोज_ताराबाईपार्क
लाज कसली, हा फार उपयोगी नमुना आहे. पुढचे आठ आठवडे यातूनच निघतात.

"हॅड" मोजा. चार वेळा. आपण मराठीत "मी पुण्याला गेलो होतो" म्हणतो आणि तो "होतो" इंग्रजीत "हॅड" होऊन उतरतो. इंग्रजीत तिथे साधं "वेंट" पुरतं. "हॅड" लागतो तो दुसऱ्या भूतकाळाच्याही आधी घडलेल्याला. तुमच्या गोष्टीत तशी एक जागा आहेच. तुम्ही पोचायच्या आधी त्यांनी माल नाकारलेला होता ना? मग "बाय द टाइम आय गॉट देअर, दे हॅड ऑलरेडी रिजेक्टेड टू हंड्रेड पीसेस." बाकीचे चारही पुसून हा एक बरोबर आला, तर चूक होती तिथेच तुमची बाजू भक्कम होते. 6 आणि 7 मध्ये व्याकरणाचा फरक साधारण असाच असतो. चुका 7 लाही राहतात, पण मधली बरीच वाक्यं निर्दोष यायला लागतात.

"मीन्स" म्हणजे आपलं "म्हणजे". मराठीत ते विचार करायला वेळ देतं, इंग्रजीत नुसतं लोंबकळतं. त्या जागी गप्प राहिलात तरी चालेल. "हॅविंग"चंही तेच. वाळूत पाणी जास्त "होतं", म्हणून "वॉज हॅविंग". "हॅड टू मच मॉइश्चर" म्हणा.

आणि ते चार सेकंद. काय शोधत होतात?

भट्टीवाला
वाळूत पाणी किती घालायचं ते प्रमाण. आमच्यात "मॉइश्चर सेट" असं काहीतरी म्हणतात, ते योग्य वाटेना. शेवटी "प्रोसेस" म्हणून सुटलो.

सरोज_ताराबाईपार्क
ओघाचं नुकसान इथे झालं. शब्द नाही आला म्हणून थांबलात. 7 वाल्यालाही शब्द सापडत नाही, तो वळसा घालतो, "द अमाउंट ऑफ वॉटर वी ॲड टु द सँड". शाळकरी पोराला कळेल असं. या वळशाला शब्दांच्या खात्यात मार्क आहेत.

48 सेकंदांचं कारण मात्र इंग्रजी नाही. गोष्टच लवकर संपवलीत. पाणी जास्त होतं हे पहिल्याच तपासात कळलं होतं का?

भट्टीवाला
नाही ओ. आधी कोअरवर संशय घेतला. दोन दिवस कोअर बदलत बसलो. मग सँड लॅबच्या पोरानं सांगितलं की नव्या बॅचला मॉइश्चर साडेचारवर गेलंय, आम्ही साडेतीनला ठेवतो.

सरोज_ताराबाईपार्क
ते दोन दिवस सांगा! "वी थॉट इट वॉज द कोअर, बट इट टर्न्ड आउट टु बी द सँड." चुकीचा संशय, त्यात गेलेला वेळ, कोण रागावलं, कुणी सांगितलं. दोन मिनिटं आपोआप भरतात आणि "टर्न्ड आउट" सारखी वाक्यं गोष्टच मागून घेते. मिनिटभराच्या टिपणात मुद्दे लिहू नका, फक्त "आधी काय वाटलं, मग काय निघालं" एवढंच लिहा.

रात्रपाळी
मी स्टाफ नर्स आहे, दोनदा 6.5 आले. सरोजताई, तुमचं बरोबर असेल, पण एकट्याने मोबाइलवर बोलणं वेगळं आणि समोर माणूस बसल्यावर वेगळं. तीन भाग मिळून अकरा ते चौदा मिनिटं समोरचा मान हलवत नाही, हसत नाही, मधेच तोडतो. मला वाटलं माझं चुकलं, म्हणून पुढचं सगळं बिघडलं. मी म्हणेन पहिल्या आठवड्यापासून माणूस पाहिजे.

सरोज_ताराबाईपार्क
तोडतो कारण त्याला घड्याळ बघायचं असतं, तुमचं चुकलं म्हणून नाही. हे आधी माहीत असलं तरी निम्मी धास्ती जाते. पण पहिल्या आठवड्यापासून पूर्ण सराव परीक्षेला माझा विरोध आहे. त्यातून आकडा कळतो, दुरुस्ती होत नाही. रोज ताप मोजून ताप उतरत नाही.

रात्रपाळी
रोज ताप मोजल्याशिवाय औषध लागू पडतंय का ते तरी कसं कळणार, ताई? वॉर्डात आम्ही तेच करतो. राहू दे, यावर आपलं जमणार नाही.

भट्टीवाला
दोघींचं ऐकून मी असं मांडलंय, चुकलं तर सांगा.

पहिला आठवडा : तीन रेकॉर्डिंग, तिन्ही लिहून काढायची, चुकांची यादी. बाकी काही नाही.
दुसरा-तिसरा : फक्त "हॅड", "हॅविंग", "मीन्स" आणि "सिन्स". (यादीत हेही निघालं. नऊ वर्षांपासून काम करतोय म्हणून "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स नाइन इयर्स" म्हणतो मी.) 
चौथा-पाचवा : तिसरा भाग, म्हणजे मतं विचारतात तो.
सहावा : उच्चार.
सातवा : समोर माणूस बसवून परीक्षा.
आठवा : कमी कमी करत जायचं.

सरोज_ताराबाईपार्क
चांगलं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यासाठी एक पद्धत घ्या. एकच गोष्ट आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायची. मजकूर तोच, वेळ कमी. गोष्ट पाठ होत नाही, पण वाक्यं तोंडात बसतात आणि मधलं अडखळणं गळून पडतं. यालाही माणूस लागतो, आणि शक्यतो प्रत्येक वेळी वेगळा, म्हणजे सांगताना खोटं वाटत नाही. रात्रपाळी, इथे तुमचा मुद्दा मान्य.

एका वेळी एकच चूक पकडा. "हॅड"च्या आठवड्यात आर्टिकल चुकली तर चुकू द्या. सगळ्या चुकांवर पहारा बसवला की माणूस दर वाक्यात मागे वळून स्वतःला दुरुस्त करतो, आणि ओघाचे मार्क त्यातच जातात.

शाहूपुरीचा_मास्तर
ताई, आर्टिकल चुकू द्या म्हणता? शाळेत आम्ही त्यासाठी छड्या खाल्ल्यात.

सरोज_ताराबाईपार्क
मास्तर, छड्यांनी आली का?

भट्टीवाला
(तीन आठवड्यांनी) हजेरी लावतो. चार-तीन-दोन चालू आहे. चार मिनिटं बायकोला, तीन मिनिटं कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या मेन्टेनन्सच्या पोराला, दोन मिनिटं रंकाळ्यावर चालताना मोबाइलला. रंकाळ्यावर लोक वळून बघतात. पोरगा म्हणतो साहेब, ब्लो होलची गोष्ट आता मलाच पाठ झाली.

काल परत लिहून काढलं. "हॅड" दोनदा आला, एक बरोबर, एक चुकीचा. "मीन्स" एकदा. वेळ 1 मिनिट 50 सेकंद. पण तिसऱ्या भागात दाणादाण. प्रश्न होता, लोक हल्ली वस्तू दुरुस्त करण्याऐवजी नवी का घेतात. मी उत्तर दिलं, "इन माय कंपनी वी आर रिपेअरिंग एव्हरीथिंग." पुढं काही सुचेना.

सरोज_ताराबाईपार्क
दुसऱ्या भागात तुमची गोष्ट, तिसऱ्यात लोकांची. "माझ्या कंपनीत" म्हणालात की दार बंद. आधी सगळ्यांबद्दल एक वाक्य बोला, मग कारण, मग "पण सगळीकडे असं नाही", आणि जमलं तर पूर्वीचं.

पूर्वीचं तर तुमच्या पायात आहे. कोल्हापुरी चप्पल उसवली की आपण शिवून घ्यायचो. "पीपल यूस्ड टु गेट देअर सँडल्स रिस्टिच्ड. नाउ दे जस्ट बाय अ न्यू पेअर, बिकॉज गेटिंग देम फिक्स्ड कॉस्ट्स ऑलमोस्ट ॲज मच." ते "गेट" बघा. मराठीतलं "शिवून घेणं", "करून घेणं" त्याच्याशी नीट जुळतं, म्हणून मराठी माणसाच्या तोंडी लवकर बसतं. "होतो"ने जेवढा त्रास दिला, तेवढीच "घेणं"ने मदत केली म्हणायची.

पन्हाळकर_काका
चप्पल शिवून घेणारे अजून आहेत. मी घेतो.

सरोज_ताराबाईपार्क
काका, हेच "पण सगळीकडे असं नाही"चं वाक्य. इंग्रजीत म्हणा, सातचा बँड तुमचा.

भट्टीवाला
(सहावा आठवडा) उच्चाराचं काय करू? मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे दोन दिवस बातम्यांच्या मागोमाग बोललो. घसा बसला, उच्चार तोच.

शाहूपुरीचा_मास्तर
दोन दिवसात काय होतंय? मेव्हण्याने सहा महिने केलं होतं.

सरोज_ताराबाईपार्क
तुमच्याकडे सहा महिने नाहीत. दोनच गोष्टी करा.

एक, आघात. मराठीत आपण शब्दातली सगळी अक्षरं जवळपास सारख्या जोरानं बोलतो. इंग्रजीत एकच अक्षर उचलायचं आणि बाकीची दाबायची. जोर चुकीच्या जागी गेला की ऐकणारा शब्द क्षणभर हरवतो. तुमच्या रोजच्या शब्दांपासून सुरू करा. "डिव्हेलपमेंट"मध्ये जोर "व्हे"वर. "परसेंटेज"मध्ये "सें"वर. "कंपोनंट"मध्ये मधल्या "पो"वर. आणि स्वतःचा हुद्दाच बघा, "इंजिनिअर"मध्ये शेवटच्या "निअर"वर, सुरुवातीच्या "इं"वर नाही. टेबलावर बोटानं ठोका देत म्हणा, ठोका फक्त त्या अक्षराला. रोज असे दहाच शब्द, स्वतःच्या रेकॉर्डिंगमधले.

दोन, "व". आपल्याकडे दोन्हींना एकच. "व्हिजिट" म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत, "वर्क" म्हणताना शीळ घालतो तसे ओठ गोल. "वी व्हिजिटेड द वर्कशॉप" आरशासमोर दहा वेळा. ओठ हलताना दिसले की कान नंतर सवय करतो. "त", "द" वगैरे सोडून द्या, आपले "ट", "ड" ऐकून बहुतेकांना कळतं.

रात्रपाळी
हे आरशाचं मी करून बघितलं. आमच्याकडे "व्हेन" म्हणजे शीर आणि "वेन" म्हणजे केव्हा, यात एकदा खरोखर घोळ झाला होता. बाहेरून आलेल्या डॉक्टरांना वाटलं मी वेळ विचारते आहे.

भट्टीवाला, सातव्या आठवड्याला माणूस मिळाला का?

भट्टीवाला
मिळाला. बहिणीची मैत्रीण, कॉलेजात इंग्रजी शिकवते. कडक. हसत नाही, मधेच तोडते, अगदी तुम्ही म्हणता तसं. पहिल्या दिवशी पहिल्या भागातच घाम फुटला. घर कुठे, काम काय, एवढे साधे प्रश्न आणि मी एका शब्दात उत्तर देत होतो. चौथ्या फेरीला जरा बसलं.

रात्रपाळी, हे दोन आठवडे आधी सुरू केलं असतं तर बरं झालं असतं, हे मान्य करतो.

रात्रपाळी
बघा सरोजताई :)

सरोज_ताराबाईपार्क
त्याची सवय झाली हे मान्य. "हॅड" त्या आधीच गेले होते, हेही लक्षात घ्या. हा वाद इथे मिटणार नाही.

भट्टीवाला, चार फेऱ्यांची लिखाणं पाठवा.

भट्टीवाला
पाठवली.

सरोज_ताराबाईपार्क
वाचली. शब्द आणि ओघ मला 7 चे वाटतात. उच्चारात 6 आणि 7 च्या मध्ये आहात. आघात चहा पिताना बरोबर येतात, घाईत परत सपाट होतात. व्याकरणाबद्दल छातीठोक सांगत नाही. दुसऱ्या भागात नीट आहे, तिसऱ्यात वाक्य लांबलं की "हॅविंग" डोकावतो. आज परीक्षा असती तर 6.5 चा अंदाज दिला असता, एखाद्या चांगल्या दिवशी 7.

शेवटच्या आठवड्यात नवीन काही घेऊ नका. रोज एक जुनी गोष्ट दोन मिनिटांत, आणि तिसऱ्या भागाचे दोन प्रश्न. पाळी बदलून मिळते का बघा. आदल्या रात्री दुसरी पाळी करून पहाटेच्या गाडीने पुण्याला जाऊ नका. झोप कमी पडली की "मीन्स" सगळ्यात आधी परत येतो, हे मी दरवर्षी बघते.

भट्टीवाला
सुपरवायझरशी बोललो. शुक्रवारी पहिली पाळी दिलीय, संध्याकाळी निघतो, पुण्यात चुलत भावाकडे मुक्काम. (कझिन ब्रदर म्हणायचं नाही, लक्षात आहे. नुसतं कझिन.)

पन्हाळकर_काका
शुभेच्छा. येताना बस सहाची घ्या, सातच्या बसला गर्दी असते.